नमनाला घडाभर तेल
दहा मिनिटांचे भाषण पाच मिनिटांत बसवताना काय काढायचे, काय ठेवायचे

भाषणाची वेळ अर्ध्यावर आली की बहुतेक वक्ते दोनपैकी एक वाट धरतात. काही जण तेच भाषण धावत म्हणतात. काही जण प्रत्येक परिच्छेदातून दोन-दोन वाक्ये काढून वेळ जमवतात. पहिल्या प्रकारात ऐकणाऱ्यालाच धाप लागते. दुसऱ्या प्रकारात भाषण लहान होते, पण त्याचा तोल तसाच राहतो. ज्या भागाला आधी गरजेपेक्षा जास्त जागा होती त्याला आताही जास्तच मिळते. जो मुद्दा शेवटी घाईघाईत यायचा, तो आता आणखी घाईत येतो. म्हणून काटछाट करण्याआधी भाषणात कशाला किती वेळ जातो आहे, हे पाहावे लागते.

एक भाषण घेऊन हे करून पाहू. विषय सर्पदंशाचा आहे, कारण इथे मूळ मुद्दा निसटला तर त्याची किंमत मोठी असते. समजा, ग्रामीण भागातले एक डॉक्टर पावसाळ्याच्या तोंडावर गावोगावी या विषयावर बोलतात. त्यांचे भाषण साधारण दहा मिनिटांचे असते. आता सामुदायिक रेडिओने त्यांना पाच मिनिटे दिली आहेत आणि लिखित संहिता मागितली आहे.

पहिली पायरी म्हणजे प्रत्यक्ष बोललेले भाषण जसेच्या तसे कागदावर उतरवणे. टिपणांवर काम करून भागत नाही. टिपणात ‘विषारी साप – चार’ एवढेच असते आणि बोलताना त्यावर दोन मिनिटे जातात. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ते शब्दशः लिहून काढले, ‘म्हणजे’, ‘आता बघा’, ‘काय होतं की’ यांच्यासकट, की भाषण खरोखर कुठे रेंगाळते ते दिसते. मराठीत सावकाश, स्पष्ट बोलणारा माणूस मिनिटाला ढोबळमानाने १०० ते १२० शब्द बोलतो. आपला स्वतःचा वेग एक मिनिट मोठ्याने वाचून मोजलेला बरा. या हिशेबाने पाच मिनिटांची संहिता ५०० ते ५२० शब्दांची हवी. सहाशे शब्द लिहिले तर श्वास घ्यायला आणि थांबायला जागा उरत नाही.

वेळ कुठे गेला?

डॉक्टरांचे भाषण लिहून काढले आणि समासात वेळ मांडली, तर चित्र असे दिसते. मान्यवरांचा उल्लेख, आयोजकांचे आभार आणि ‘हा विषय किती महत्त्वाचा आहे’ यात एक मिनिट. देशात सर्पदंशाने किती माणसे जातात याचे आकडे, एक मिनिट. नागपंचमी, बत्तीस शिराळ्याची परंपरा आणि साप दूध पीत नाही हे समजावण्यात दीड मिनिट. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे कसे ओळखायचे, दोन मिनिटे. विष शरीरात काय करते आणि रुग्णालयात रक्त गोठते की नाही हे कसे तपासतात, दीड मिनिट. उशिरा आणलेल्या एका रुग्णाची हकीकत, एक मिनिट. साप चावू नये म्हणून काय करावे, एक मिनिट. आणि चावल्यावर काय करावे, एक मिनिट. तेही सर्वांत शेवटी, संयोजक घड्याळाकडे पाहू लागल्यावर.

या यादीतली एकही गोष्ट चुकीची किंवा निरुपयोगी नाही. अडचण नेमकी इथेच असते. सगळेच खरे आणि सगळेच कामाचे असेल, तर ‘हे महत्त्वाचे आहे का?’ या प्रश्नाने काहीच सुटत नाही, कारण प्रत्येक वेळी उत्तर ‘हो’ असेच येते. त्याऐवजी वेगळा प्रश्न विचारावा लागतो : हे भाषण ऐकलेल्या माणसाच्या घरी रात्री दोन वाजता कुणाला साप चावला, तर त्याने काय करायचे? याचे उत्तर एका वाक्यात लिहायचे. डॉक्टरांचे वाक्य असे झाले : “बांधू नका, कापू नका, माणसाला चालवू नका, सर्पदंशावरची लस जिथे आहे त्या दवाखान्यात थेट न्या.”

हे वाक्य कागदाच्या माथ्यावर लिहून ठेवायचे आणि भाषणाचा एकेक तुकडा त्याच्यापुढे धरायचा. हा तुकडा काढला तर रात्री दोन वाजता त्या घरातला माणूस वेगळे काही करेल का? करणार नसेल, तर तुकडा कितीही रंजक असला तरी बाहेर.

आकड्यांपासून सुरुवात करू. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले. पण साप घातक असतो हे शेतकऱ्याला पटवून द्यावे लागत नाही. आकडे ऐकून तो हळहळेल, पण रात्री दोन वाजता त्याच्या हातून काही वेगळे घडणार नाही. म्हणून इथे आकडे बाहेर. हेच भाषण जिल्हा परिषदेच्या बैठकीत लसीचा साठा वाढवून मागण्यासाठी करायचे असते, तर हेच आकडे पहिल्या वाक्यात आले असते आणि प्रथमोपचार गेला असता. काय काढायचे हे ऐकणाऱ्याच्या हातात काय आहे त्यावर ठरते.

आवडता भाग

सर्वांत अवघड काटछाट असते ती वक्त्याच्या आवडत्या भागाची. आपल्या डॉक्टरांचा आवडता भाग म्हणजे सापांची ओळख. सभेत ते चित्रे दाखवतात, मण्यारीच्या अंगावरचे पांढरे पट्टे आणि घोणशीच्या पाठीवरच्या साखळीसारख्या खुणा समजावतात. लोक पुढे सरकून बघतात. दोन मिनिटे कशी जातात ते कळत नाही.

रेडिओवर चित्र नाही हे एक कारण झाले. पण त्याहून मोठे कारण उपचारातच आहे. आपल्याकडे मिळणारी सर्पदंशावरची लस या चारही सापांच्या विषावर चालते. घोड्यांना या विषांची अगदी कमी मात्रा देऊन त्यांच्या रक्तातली प्रतिद्रव्ये वापरून ती तयार होते. चौघांवर एकच औषध असल्यामुळे नेमका कोणता साप चावला हे घरच्यांनी ओळखलेच पाहिजे, असे नाही. पुढचा निर्णय डॉक्टर लक्षणे पाहून घेतात. उलट सापाला शोधायला किंवा मारायला लोक अंधारात जातात, त्यात वेळ जातो आणि आणखी एकाला साप चावण्याची भीती असते. म्हणजे दोन मिनिटांचा हा भाग मूळ संदेशाला मदत करत नाही, थोडा आड येतो. त्याची जागा एका वाक्याने घेतली : “साप कोणता होता हे शोधत बसू नका, औषध चौघांना एकच आहे.”

दोन मिनिटांची माहिती गेली आणि तिच्यातून निघणारा निष्कर्ष राहिला. भाषण आटवताना हे वारंवार करावे लागते. वक्त्याला विषय माहीत असल्यामुळे तो आधी कारणांची रास घालतो आणि निष्कर्ष ऐकणाऱ्यावर सोडतो. पाच मिनिटांत निष्कर्ष आधी सांगायचा आणि सोबत एकच कारण ठेवायचे, तेही ज्याने विश्वास बसेल असे.

विषाची क्रिया आणि रक्ताची चाचणी याच वाटेने गेली. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि ते गोठले का ते पाहायचे, ही चाचणी साधी आणि मोलाची आहे, पण ती दवाखान्यात होते. ऐकणाऱ्याला त्यात करायचे काहीच नसते. नागपंचमीचा भागही गेला. तो सापाच्या रक्षणासाठी होता आणि त्याला स्वतःची पाच मिनिटे मिळायला हवीत.

साप चावू नये म्हणून काय करावे, हा भाग मात्र सहज सुटत नाही. शेतात गमबूट, रात्री बॅटरी, जमिनीवर झोपताना नीट खोचलेली मच्छरदाणी, हे सगळे ऐकणाऱ्याच्या हातातले आहे आणि जीव वाचवणारे आहे. पण तो दुसरा संदेश आहे. एका मिनिटात तो उरकला तर पहिल्यातून वेळ जातो आणि ऐकणाऱ्याला दोन याद्या लक्षात ठेवाव्या लागतात : काय करावे म्हणजे चावणार नाही, आणि चावल्यावर काय करावे. पाच मिनिटांत एकच यादी टिकते. डॉक्टरांनी रेडिओकडे दुसरा भाग मागून घेतला आणि हा विषय तिकडे नेला. दुसरा भाग मिळणार नसता, तर मच्छरदाणीचे एक वाक्य शेवटी ठेवणे योग्य ठरले असते, कारण पुढच्या मुद्द्याशी तिचा थेट संबंध आहे.

कापताना काय तुटले

पहिल्या काटछाटीनंतर भाषण चार मिनिटांवर आले. सुटसुटीत, नेमके. पण त्यात एक घोटाळा होता. विषाच्या क्रियेचा भाग काढताना मण्यारीबद्दलची तीन वाक्येही गेली होती आणि लक्षणांविषयी एवढेच उरले होते : “सूज, वेदना, रक्तस्राव दिसला की लगेच दवाखाना गाठा.”

घोणस किंवा फुरसे चावल्यावर बहुधा असेच होते. मण्यारीचे तसे नाही. ती रात्री चावते, बरेचदा जमिनीवर झोपलेल्या माणसाला. दंश फारसा दुखत नाही, सूज जवळजवळ नसते, दातांच्या खुणाही अनेकदा दिसत नाहीत. माणूस पहाटे पोटदुखीने किंवा घसा दुखतो म्हणून उठतो, पापण्या जड होऊन मिटू लागतात आणि पुढे श्वासाचे स्नायू दुबळे होतात. सूज आली तर दवाखान्यात जा, असे ऐकलेला माणूस अशा वेळी घरीच थांबेल. म्हणजे भाषण छोटे होताना नुसती माहिती कमी झाली नव्हती, सल्लाच बदलला होता.

अपवाद आणि अटी पाल्हाळासारख्या दिसतात, कारण त्या ‘पण’, ‘मात्र’, ‘तरीही’ अशा शब्दांनी सुरू होतात आणि वाक्याचा वेग मोडतात. म्हणून काटछाटीत पहिला बळी त्यांचा जातो. प्रत्येक ‘मात्र’वर बोट ठेवून पाहावे : हा काढला तर मुख्य वाक्य कुणासाठी खोटे ठरते? कुणासाठीही ठरत नसेल तर तो जाऊ द्यावा. जमिनीवर झोपणाऱ्या माणसासाठी ते खोटे ठरत असेल, तर तो परत आणावा आणि त्याला पुरेशी जागा द्यावी. मण्यारीचा मजकूर परत आला आणि पाऊण मिनिटाचा झाला. सापांच्या ओळखीतून वाचवलेली वेळ इथे कामी आली.

हा दोष कागदावर वाचून सापडतोच असे नाही. त्यासाठी विषय माहीत नसलेल्या माणसाला संहिता एकदाच वाचून दाखवावी आणि ‘समजलं का?’ असे न विचारता प्रसंग घालावा : “पहाटे चार वाजता मुलगा पोट धरून उठला, डोळे मिटतायत, अंगावर खूण काही नाही. काय कराल?” उत्तर “ओवा देऊन बघू” असे आले, तर दोष संहितेत आहे.

एक परिच्छेद जवळून

मोठे तुकडे काढून झाले की मग वाक्यांकडे वळायचे. हा क्रम उलटा केला तर पुढे काढून टाकायच्या परिच्छेदावरच आपण तासभर रंधा मारत बसतो. डॉक्टरांच्या मूळ भाषणातला एक परिच्छेद असा होता :

“आता बघा, सर्पदंश झाल्यानंतर आपल्याकडे काय होतं, तर पहिल्यांदा कुणीतरी दोरी आणतं, कुणी चिंधी आणतं, रुमाल असेल तर रुमाल, आणि चावलेल्या जागेच्या वर करकचून बांधतात. आता हे जे बांधणं आहे ना, हे पूर्वी आपल्याला शिकवलेलंच होतं, म्हणजे लोकांचीही त्यात चूक नाही. पण वैद्यकीयदृष्ट्या असं लक्षात आलेलं आहे की त्यानं रक्तपुरवठा खंडित होतो, आणि मग तो जो भाग आहे तो काळानिळा पडू शकतो, सडू शकतो, आणि दुसरं म्हणजे विष जायचं ते काही पूर्णपणे थांबत नाही. म्हणून शक्यतो ते टाळलेलं बरं.”

संहितेत तो असा झाला :

“बांधू नका. दोरी नको, रुमाल नको. पूर्वी बांधायला शिकवायचे, ते आता विसरा. बांधल्यानं विष थांबत नाही. रक्त मात्र अडतं आणि हात किंवा पाय सडू शकतो. आधीच कुणी बांधलं असेल, तर वाटेत सोडू नका. डॉक्टर सोडतील.”

शब्द निम्म्याच्या आसपास आले, पण बदल तेवढाच नाही. मूळ परिच्छेदात खरी सूचना शेवटच्या वाक्यात होती आणि तीही ‘शक्यतो’ म्हणत. तोवर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दोरी आणि रुमाल यांचेच चित्र तयार झाले होते. आता सूचना पहिल्या दोन शब्दांत आहे आणि ‘शक्यतो’ गेले आहे. डॉक्टर ज्या बाबतीत ठाम आहेत तिथे आर्जवी भाषा ऐकणाऱ्याला पळवाट देते. ‘वैद्यकीयदृष्ट्या असं लक्षात आलेलं आहे की’ हे सहा शब्द गेल्याने काहीही कमी झाले नाही, कारण बोलणारा डॉक्टर आहे हे सर्वांना ठाऊक आहे.

‘पूर्वी शिकवलेलं होतं’ हे वाक्य मात्र ठेवले. वरवर ते विषयांतर वाटते. पण ऐकणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या मनात त्या क्षणी नेमकी तीच शंका असते : आम्हाला तर बांधायलाच शिकवलं होतं. ती शंका बोलून दाखवली नाही, तर पुढचे सगळे ऐकूनही माणूस दोरीच शोधेल. शेवटची दोन वाक्ये तर मूळ भाषणात नव्हतीच. घट्ट बांधलेले एकदम सोडले की अडलेले विष झपाट्याने अंगात पसरू शकते, म्हणून ते दवाखान्यातच सोडलेले सुरक्षित. ‘बांधू नका’ एवढेच ऐकलेला माणूस वाटेत गाठ सोडण्याची शक्यता होती. वेळ कमी करतानाही कधी कधी एखादे वाक्य वाढवावे लागते ते असे.

पुनरुक्तीही सगळीच काढायची नसते. वाचकाला मागचे पान उलटता येते, श्रोत्याला येत नाही. म्हणून डॉक्टरांचे मुख्य वाक्य संहितेत तीनदा आले : सुरुवातीला, मधे ‘काय करू नये’ संपताना, आणि शेवटी. तिन्ही वेळा शब्द तेच ठेवले. शाळेच्या निबंधात शब्द बदलून लिहिले की गुण मिळतात. बोलण्यात शब्द बदलले की ही नवी सूचना आहे असे वाटते. ‘चालवू नका’, ‘हालचाल टाळा’ आणि ‘विश्रांती द्या’ या ऐकणाऱ्याला तीन वेगळ्या गोष्टी वाटू शकतात.

पाच मिनिटांची बांधणी

नमस्कारानंतर लगेच प्रसंग येतो : रात्र, अंधार, कुणीतरी ओरडते, साप चावला. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला मुख्य संदेश. मग काय करायचे : माणसाला धीर द्या, चावलेला हात किंवा पाय हाड मोडल्यावर ठेवतो तसा फळीच्या आधाराने स्थिर ठेवा, अंगठी, बांगड्या, पैंजण लगेच काढा, कारण सूज आल्यावर ते रुततात. १०८ ला फोन करा. गाडी यायला वेळ असेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून न्या. मग काय करायचे नाही, प्रत्येकी एका कारणासह. मग मण्यार. मग उशिरा आणलेल्या त्या रुग्णाची हकीकत, एका मिनिटाऐवजी चार वाक्यांत. तिच्यातून त्याचे शेत, घर आणि नातेवाईक गेले. मांत्रिकाकडे किती वेळ गेला आणि तेवढ्यात काय झाले, एवढेच राहिले. शेवटी एक काम : आपल्या सर्वांत जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात ही लस रात्री मिळते, ते आजच विचारून ठेवा. आणि मुख्य वाक्य पुन्हा एकदा.

ही संहिता मनात वाचून मोजू नये. मनात वाचताना वेग वाढलेला असतो. उभे राहून, ज्या आवाजात बोलायचे त्याच आवाजात, घड्याळ लावून वाचावी आणि चार मिनिटे चाळीस सेकंदांत संपते का पाहावे. उरलेले वीस सेकंद अडखळण्यासाठी. जिथे जीभ दोनदा अडखळते ते वाक्य लांब आहे किंवा लिहिण्याच्या भाषेत आहे. ‘रक्तपुरवठा खंडित होतो’ तिथेच अडकते, ‘रक्त अडतं’ अडकत नाही. पाच मिनिटे दहा सेकंद होत असतील तर शब्द चोळत बसण्यापेक्षा एक अख्खे वाक्य काढावे. वेग वाढवून ते दहा सेकंद भरून काढले, तर सगळे भाषण पुन्हा घाईचे वाटते.

पाच मिनिटांत सर्पदंश शिकवता येत नाही. आरोग्यसेविकेला किंवा सर्पमित्राला जे माहीत हवे त्याला अर्धा दिवसही कमी पडेल, आणि तिथे चारही साप, विषाची क्रिया आणि काचेची नळी सगळे परत यायला हवे. रेडिओवरच्या पाच मिनिटांचे काम एवढेच की ऐकणाऱ्याचा हात दोरीकडे न जाता फोनकडे जावा. संहिता जमली की नाही हे पाहायचे, तर प्रसारणानंतर आठवड्याने गावातल्या चौघांना एकच प्रश्न विचारावा : “साप चावला तर बांधायचं का?” भाषण छान झाले असे चौघांनी सांगितले आणि त्यातल्या दोघांनी “हो, थोडं वर बांधायचं” असे म्हटले, तर लेखणी पुन्हा हातात घ्यावी.